विमा कंपनीने पैसे दिल्यावर ट्रान्सपोर्टरकडची वसुली: सब्रोगेशनच्या कागदावर सही करण्यापूर्वी

प्रश्न: «आमचा इंदूरला सांवेर रोडवर नमकीनच्या पाकिटांसाठी छापील फिल्मचे रोल बनवण्याचा लहान कारखाना आहे. 18 जूनला पुण्याचा माल बुक केला, दुसऱ्या रात्री बिजासन घाटात ट्रक उलटला आणि रोल चिखलापाण्यात गेले. भंगाराचे पैसे वजा जाता नुकसान साडेसात लाखांचे. विमा कंपनीने 28 ऑक्टोबरला 6,60,000 रुपये दिले. काही रोल परत गुंडाळून वापरता येतील असे सर्व्हेअरने धरले, म्हणून 90,000 कापले. आता कंपनी लेटर ऑफ सब्रोगेशन आणि मुखत्यारपत्र मागते आहे, आणि माझ्याच नावाने ट्रान्सपोर्टरवर दावा करणार म्हणते. तिकडे ट्रान्सपोर्टर एक लाख रोख द्यायला तयार आहे, फक्त ‘आता काही बाकी नाही’ असे लिहून मागतो. भाडे 18,000 होते, ते मी अजून दिलेले नाही. सही करावी का? एक लाख घेतले तर बिघडते कुठे?»

उत्तर:

एक लाख घेऊ नका आणि ट्रान्सपोर्टरला काहीही लिहून देऊ नका. विमा कंपनीच्या कागदावर, म्हणजे तुमचा वसुलीचा हक्क तिला वापरू देणाऱ्या सब्रोगेशनच्या पत्रावर, सही करावी लागेल, पण त्यातली दोन कलमे नीट वाचून. या दोन्हींच्या आधी आणखी एक काम आहे, ज्याचा तुमच्या प्रश्नात उल्लेख नाही: ट्रान्सपोर्टरला नुकसानीची लेखी नोटीस. तिची मुदत तुमच्या बाबतीत 15 डिसेंबरला संपते. मी इंदूरमध्ये एका साधारण विमा कंपनीच्या दावे विभागात बरीच वर्षे काढली आणि त्यातला मोठा काळ वसुलीच्या टेबलावर होतो. बुडालेल्या वसुल्यांच्या ज्या फायली माझ्या हाताखालून गेल्या, त्यांतल्या बहुतेक कोर्टात हरलेल्या नव्हत्या. त्या नोटिशीच्या तारखेवर नाहीतर एखाद्या भोळेपणाने लिहून दिलेल्या ओळीवर कोर्टाबाहेरच संपलेल्या होत्या. म्हणून क्रम तसाच ठेवतो.

रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीला ‘कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, 2007’ हा कायदा लागू आहे. तो 1 मार्च 2011 पासून अमलात आला आणि त्याने 1865 च्या जुन्या कॅरियर्स अ‍ॅक्टची जागा घेतली. त्याचे कलम 16 असे सांगते की माल हरवल्याबद्दल किंवा खराब झाल्याबद्दल वाहकावर दावा लावायचा असेल, तर दाव्यापूर्वी आणि माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस पोचलेली असली पाहिजे. हे 180 दिवस अपघातापासून मोजायचे नाहीत आणि विम्याची रक्कम मिळाल्यापासून तर मुळीच नाहीत. बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेताना ट्रान्सपोर्टरने दिलेल्या पावतीवर, जी बुकिंगची तारीख आहे तिथून ते सुरू होतात. तुमची बिल्टी 18 जूनची आहे. विमा कंपनीने पैसे दिले त्या दिवशी 132 दिवस उलटून गेले होते. सर्व्हे, भंगाराची विक्री, कागदांची देवाणघेवाण यांत चार महिने जाणे अगदी नेहमीचे आहे, आणि तेवढ्यात दोन तृतीयांशाहून अधिक मुदत कोणाच्या लक्षात न येता निघून जाते.

आता तुमच्या फाइलमध्ये पाहा. अपघातानंतर लगेच विमा कंपनीने किंवा सर्व्हेअरने तुमच्याकडून ट्रान्सपोर्टरच्या नावे एक पत्र लिहून घेतले असेल. आमच्या धंद्यात त्याला ‘मॉनेटरी क्लेम’ म्हणतात. त्या पत्रात बिल्टी क्रमांक, मालाचा तपशील, नुकसान झाल्याचे स्पष्ट विधान आणि भरपाईची मागणी असेल, आणि ते पोचल्याची पावती तुमच्याजवळ असेल, तर नोटिशीची अट बहुधा पूर्ण झालेली आहे. पत्र लिहिले पण पावती नाही, किंवा फक्त फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणे झाले, तर याच आठवड्यात नवी नोटीस पाठवा. ट्रक त्यांचाच होता, अपघात त्यांना ठाऊकच आहे, मग नोटीस कशाला, असा विचार करू नका. कायदा नोटीस मागतो. वाहकाला माहिती होती एवढ्यावर विसंबून मी कोणाला दावा लावायला सांगणार नाही. नोटीस तुम्ही, म्हणजे माल पाठवणाऱ्याने, स्वतःच्या नावाने द्यावी, तिची प्रत विमा कंपनीला द्यावी, आणि ती बुकिंग ऑफिस तसेच मुख्य कार्यालय अशा दोन्ही पत्त्यांवर पोचपावतीसह पाठवावी.

एक प्रकरण सांगतो. माळव्यातूनच गेलेला खाद्यतेलाच्या डब्यांचा माल होता. दावा मंजूर झाला, पैसे दिले गेले, सब्रोगेशनचे पत्रही आले आणि मग वकिलाकडे फाइल गेली. वकिलाने नोटीस पाठवली तो बुकिंगपासूनचा 191 वा दिवस होता. माल पाठवणाऱ्याने आधी एक पत्र दिले होते खरे, पण ते ट्रक मालकाच्या नावाने होते, बिल्टी देणाऱ्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या नावाने नव्हते. बाजारातून भाड्याने घेतलेला ट्रक एकाचा आणि बिल्टी दुसऱ्याची, हे आपल्याकडे रोजचे आहे. पण तुमचा करार ज्याने बिल्टी फाडली त्याच्याशी असतो. त्या एका चुकीमुळे ती वसुली तिथेच सोडून द्यावी लागली. म्हणून तुमच्या पत्रावरचे नाव बिल्टीवरच्या छापील नावाशी अक्षरशः जुळवून पाहा.

आता मूळ कल्पनेकडे येतो, कारण ती स्पष्ट झाल्याशिवाय पुढचा हिशोब पटणार नाही. ट्रक उलटला त्या रात्रीच ट्रान्सपोर्टरकडून नुकसान भरून मागण्याचा हक्क तुम्हाला मिळाला होता, आणि त्याचा विम्याशी काही संबंध नव्हता. विमा ही तुम्ही स्वतःच्या पैशाने, प्रीमियम भरून केलेली वेगळी तजवीज आहे. तिच्यातून तुमचे नुकसान भरले गेले म्हणून ट्रान्सपोर्टरची जबाबदारी संपत नाही. तसे झाले असते तर तुमच्या प्रीमियमचा लाभ त्याच्या पदरात पडला असता. पण विमा हा नुकसान भरून देण्याचा करार असल्यामुळे तुम्हालाही एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत. म्हणून विमा कंपनी जेवढी रक्कम देते तेवढ्यापुरती ती तुमच्या जागी उभी राहते आणि तुमचा हक्क वापरून दोषी पक्षाकडून पैसे वसूल करते. यालाच सब्रोगेशन म्हणतात. सागरी विमा कायदा, 1963 च्या कलम 79 मध्ये हे तत्त्व लिहिलेले आहे, आणि नुकसानभरपाईच्या इतर विम्यांनाही न्यायालये तेच लावतात. तुमच्या पॉलिसीतही बहुधा एक अट असेल की वाहकाविरुद्धचे सर्व हक्क तुम्ही जपून ठेवावेत आणि वेळेवर वापरावेत. सब्रोगेशनचे पत्र साधारणपणे पैसे देण्याआधीच घेतले जाते. तुमच्या बाबतीत ते मागे राहिलेले दिसते. ते द्यायला तुम्ही नकार दिलात, तरी रक्कम मिळाल्यामुळे कंपनीचा हक्क निर्माण झालेला आहेच. फक्त सगळ्यांचा वेळ जाईल.

दावा तुमच्याच नावाने का, ही तुमची खरी अस्वस्थता दिसते, आणि ती रास्त आहे. यावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने फेब्रुवारी 2010 मध्ये ‘इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशन विरुद्ध चरण स्पिनिंग मिल्स’ या प्रकरणात सविस्तर निर्णय दिला. तिथेही तुमच्यासारखाच प्रकार होता: सुताचा माल, ट्रकचा अपघात, विमा कंपनीने दिलेली रक्कम आणि तिने घेतलेले सब्रोगेशनचे पत्र. न्यायालयाने तीन प्रकार वेगळे करून दाखवले. पहिल्यात काहीच कागद नसतो. पैसे दिल्यामुळे न्यायाच्या तत्त्वानेच कंपनी तुमच्या जागी येते. दुसऱ्यात लेटर ऑफ सब्रोगेशन असते आणि कोणाचा किती हक्क हे त्या कागदाच्या अटींवरून ठरते. तिसऱ्यात सब्रोगेशनबरोबर हक्काचे पूर्ण हस्तांतरही असते, म्हणजे असाइनमेंट. पहिल्या दोन प्रकारांत हक्क तुमचाच राहतो, म्हणून कंपनीला दावा तुमच्या नावाने किंवा तुम्हाला सोबत घेऊन करावा लागतो, आणि त्यासाठी मुखत्यारपत्र लागते. तिसऱ्या प्रकारात हक्कच तिच्याकडे जातो, त्यामुळे ती स्वतःच्या नावाने दावा करू शकते आणि वसुली तुमच्या नुकसानीपेक्षा कमी असो की जास्त, ती तिचीच राहते. प्रत्यक्षात वकील बहुतेक वेळा वादी क्रमांक एक विमा कंपनी आणि वादी क्रमांक दोन माल पाठवणारा असे दोघांना उभे करतात, म्हणजे कागदाच्या प्रकारावरून नंतर आक्षेप येऊ नये. तुमचे नाव दाव्यात असण्याचा अर्थ तुम्ही अडचणीत आहात असा होत नाही. ट्रान्सपोर्टरशी करार तुमचा होता, म्हणून नाव तुमचे.

मी सुरुवातीला म्हटलेली दोन कलमे इथेच येतात. पहिले, त्या कागदात ‘असाइन’, ‘ट्रान्सफर’ असे शब्द आहेत का, आणि असल्यास ते दिलेल्या रकमेपुरते आहेत की संपूर्ण हक्काला लागू आहेत. दुसरे, वसूल झालेली रक्कम आधी कोणाला मिळेल याबद्दल त्यात काय लिहिले आहे. तुमचे 90,000 भरून निघायचे बाकी आहेत, म्हणून या दोन ओळींवर तुमचा पैसा अवलंबून आहे. ज्याला शंभर टक्के दावा मिळाला, त्याने त्या न वाचता सही केली तरी फारसे बिघडत नाही.

तुमच्याच आकड्यांनी पाहू. नुकसान 7,50,000, विमा कंपनीने दिले 6,60,000, तुमची तूट 90,000. समजा ट्रान्सपोर्टरकडून पूर्ण 7,50,000 वसूल झाले. साधे सब्रोगेशन असेल तर कंपनी तिचे 6,60,000 घेईल आणि 90,000 तुमचे. पूर्ण असाइनमेंट दिलेले असेल तर तुमचे 90,000 ही कंपनीकडेच राहतील. आता समजा वसुली फक्त 1,80,000 ची झाली. कागदात उलट काही लिहिलेले नसेल तर चरण स्पिनिंगमध्ये मांडलेल्या तत्त्वाप्रमाणे आधी तुमची तूट भरली जाते, म्हणजे 90,000 तुम्हाला आणि उरलेले 90,000 कंपनीला. पण कागदात ‘वसुलीतून प्रथम कंपनीची रक्कम’ असे असेल, तर सगळे 1,80,000 कंपनीकडे जातील आणि तुमच्या हाती काही येणार नाही. मला विचाराल तर असाइनमेंटची ओळ ‘दिलेल्या 6,60,000 रुपयांपुरती’ अशी मर्यादित करून मागा, आणि तुमचा 90,000 चा हक्क राखून ठेवला आहे हे वाक्य त्यात घालून घ्या. कंपन्यांचे छापील नमुने असतात आणि शाखेतला अधिकारी ते बदलायला नाखूश असतो. पण लेखी विनंती केल्यावर विभागीय कार्यालयातून असा बदल मंजूर झालेला मी अनेकदा पाहिला आहे. तुमची तूट पॉलिसीतल्या ‘एक्सेस’ची असती, म्हणजे जो पहिला हिस्सा तुम्ही स्वतः सोसायचा असे ठरलेले असते त्याची, तर कंपनीने अधिक जोरात वाद घातला असता. सर्व्हेअरने रोलची किंमत कमी धरल्यामुळे पडलेली तूट मागायला तुमची बाजू अधिक भक्कम आहे. मात्र ते रोल खरोखर वापरता आले नाहीत, हे पुण्याच्या ग्राहकाच्या नकारपत्राने दाखवावे लागेल.

1,80,000 हा आकडा मी सहज घेतलेला नाही. 2007 च्या कायद्याच्या कलम 10 आणि 2011 च्या नियमांप्रमाणे वाहकाची जबाबदारी सामान्यतः दिलेल्या किंवा देय भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित आहे, आणि तीही फॉरवर्डिंग नोटमध्ये, म्हणजे माल सोपवताना पाठवणाऱ्याने भरून द्यायच्या कागदात, घोषित केलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त नाही. वाहकाने जास्त जोखीम घ्यावी म्हणून जास्त जोखमीचा दर द्यायला तुम्ही स्पष्टपणे कबूल झाला असाल, तर ही मर्यादा लागू होत नाही. तुमचे भाडे 18,000, म्हणजे मर्यादा 1,80,000. भाडे अजून दिलेले नाही याने फरक पडत नाही, कारण नियमात देय भाडेही धरलेले आहे. जुन्या कायद्याच्या काळात काम केलेल्या माझ्यासारख्या माणसांना ही तरतूद खटकते, कारण साडेसात लाखांच्या नुकसानीत विमा कंपनीच्या पदरी इतके थोडे पडते; पण कायदा आहे तो असा आहे. म्हणून बिल्टी आणि गुड्स फॉरवर्डिंग नोट दोन्ही काढून बघा. जास्त जोखमीच्या दराचा उल्लेख कुठे आहे का, आणि ती नोट मुळात भरली गेली होती का, या दोन गोष्टी वकिलाला लगेच सांगा. नोट भरलेलीच नसेल, किंवा नुकसान वाहकाच्या माणसांच्या गुन्हेगारी कृत्यातून झाले असेल, तर मर्यादेवर वाद घालायला वकिलाला जागा मिळते. त्याचा निकाल काय लागेल हे त्या त्या प्रकरणाच्या पुराव्यावर ठरते, म्हणून मी त्यावर तुम्हाला आशा लावणार नाही.

आता ट्रान्सपोर्टरचा प्रस्ताव का आला, हे तुम्हाला दिसेल. मर्यादा धरली तरी त्याच्या डोक्यावर 1,80,000 पर्यंतची जबाबदारी आहे आणि तो एक लाखात मोकळा होऊ पाहतो. तुम्ही ‘आता काही बाकी नाही’ असे लिहून दिलेत की तो ते पत्र कोर्टात दाखवील. विमा कंपनी तुमच्याच जागी उभी असल्यामुळे तुमच्यापेक्षा अधिक हक्क तिला मिळत नाही. तुम्ही सोडलेला हक्क तिच्या हातून निसटू शकतो. ट्रान्सपोर्टरला विम्याचे पैसे दिले गेल्याचे ठाऊक असताना त्याने तुमच्याशी परस्पर मिटवले, तर ती तडजोड कंपनीवर बंधनकारक नाही असे कंपनी म्हणेल. पण तो वाद जिंकेपर्यंत वर्षे जातील, आणि तोवर कंपनीला सोपा मार्ग तुमच्याकडे येण्याचा आहे. तिच्या हक्काला तुम्ही धक्का लावलात तेवढी रक्कम ती तुमच्याकडून मागू शकते. जे एक लाख तुम्ही घ्याल, त्यातला कंपनीच्या वाट्याचा भाग तुमच्या हाती तिच्या वतीने आला असेच धरले जाते. म्हणजे तुमच्या 90,000 च्या तुटीसाठी म्हणून घेतलेल्या पैशातून तुम्ही दोन लाखांच्या घरातला वाद ओढवून घ्याल.

याचे एक फार साधे रूप मी पाहिलेले आहे. इंदूरच्याच एका कारखानदाराच्या हिशोबनीसाने महिन्याच्या शेवटी ट्रान्सपोर्टरचे बिल चुकते करताना खराब मालाबद्दल 22,000 कापले, आणि ट्रान्सपोर्टरच्या मुनीमाने पुढे केलेल्या खातेउताऱ्यावर सही केली. त्या उताऱ्याखाली आधीच टाइप केलेली ओळ होती: ‘हिशोब पूर्ण, सदर बिल्टीबाबत कोणतीही मागणी शिल्लक नाही.’ मालकाला त्याची कल्पनाही नव्हती. दोन वर्षांनी उलटतपासणीत तो उतारा पुढे आला, आणि सहीखालची तारीख विम्याचा दावा मंजूर होण्याच्या आधीची निघाली. चार लाखांहून अधिक रकमेची वसुली त्या ओळीमुळे अखेर थोडक्यात तडजोड करून मिटवावी लागली, आणि कंपनीने पुढच्या नूतनीकरणात मालकाला त्याचा जाब विचारला. म्हणून तुमचे न दिलेले 18,000 चे भाडेही सध्या कोणत्याही कागदावर ‘नुकसानीपोटी वळते केले’ असे लिहू नका. ते रोखून ठेवले आहे एवढेच विमा कंपनीला लेखी कळवा. तिच्या संमतीने त्याची वजावट पुढे धरता येईल.

ट्रान्सपोर्टर बचावात काय म्हणेल याची चिंता तुम्ही फार करू नका. समोरून आलेल्या गाडीमुळे ट्रक उलटला, चालकाची चूक नव्हती, असे तो म्हणेलच. पण सर्वांसाठी भाड्याने माल नेणाऱ्या वाहकाविरुद्ध त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे दाव्यात तुमच्यावर नसते. नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती किंवा बंदी अशा मोजक्या कारणांनी नुकसान झाले आणि योग्य काळजी घेऊनही ते टळले नसते, तरच तो सुटतो. जूनमध्ये घाटात पाऊस पडणे ही काही अशी आपत्ती नव्हे. बिल्टीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले असते; त्या छापील ओळीने वाहक आपल्या निष्काळजीपणाच्या परिणामांतून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच नाथ ब्रदर्स प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. मात्र हे सगळे ‘कॉमन कॅरियर’ला लागू आहे. तुमचा माल केवळ तुमच्यासाठी कराराने लावलेल्या ट्रकने गेला असेल, किंवा मध्ये फक्त दलाल असेल, तर विचार वेगळा करावा लागेल.

तुमच्याकडून विमा कंपनीला पुढे तीन गोष्टी लागतील: मूळ बिल्टी, माल उतरताना तिच्या पाठीवर केलेला शेरा किंवा ट्रान्सपोर्टरचे डॅमेज सर्टिफिकेट, आणि साक्षीला तुमचा माणूस. यांतली मधली गोष्ट सर्वांत मोलाची आहे. उलटलेल्या ट्रकमधला माल दुसऱ्या गाडीत भरून पुण्याला किंवा परत इंदूरला आला असेल, तेव्हा घेणाऱ्याने ‘माल बरोबर मिळाला’ असा शिक्का नेहमीच्या सवयीने मारलेला नाही ना, हे आजच तपासा. माझ्या एका फाइलमध्ये पोलिसांचा पंचनामा, सर्व्हेअरचे फोटो सगळे होते आणि पोचेवर मात्र निळ्या शाईचा गोल शिक्का, खाली ‘चांगल्या स्थितीत’. तो शिक्का गोदामातल्या मुलाने गाडी उघडण्याआधीच मारलेला होता, हे सांगायला त्या मुलाला दोन तारखांना कोर्टात उभे राहावे लागले. कोर्ट फी आणि वकिलाचा खर्च कंपनीने करायचा असतो. तसे पत्रात लिहिलेले नसेल तर लिहून मागा, कारण दावा तुमच्या नावाने आहे.

कोर्टाबद्दल थोडक्यात. ग्राहक आयोगाचा मार्ग तुम्हाला बंद आहे असेच धरा, कारण व्यापारी हेतूने घेतलेली सेवा 15 मार्च 2003 पासून ‘ग्राहक’ या व्याख्येच्या बाहेर आहे, आणि तुमच्या जागी आलेल्या कंपनीलाही तेच लागू होते. रक्कम तीन लाखांच्या वर असल्यामुळे दावा व्यापारी न्यायालयात जाईल, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर त्याआधी मध्यस्थीची पायरी सक्तीची आहे. ती पायरी तुमच्या फायद्याची आहे. ट्रान्सपोर्टरला तडजोडच करायची असेल तर त्याने ती तिथे, विमा कंपनी आणि तुम्ही दोघे टेबलावर असताना करावी, आणि तुमचे 90,000 त्याच बैठकीत मागावेत. दाव्याची मुदत मुदतीच्या कायद्याप्रमाणे नुकसान झाल्यापासून तीन वर्षांची आहे. विमा कंपनीने पैसे उशिरा दिले म्हणून ती नव्याने सुरू होत नाही. तुमचे तीन वर्षांचे घड्याळ अपघाताच्या रात्रीच सुरू झाले आहे.

ट्रान्सपोर्टरला उत्तर द्यायचेच असेल तर मी तुमच्या जागी एवढेच लिहीन, आणि हे पत्र वर सांगितलेल्या नोटिशीतच घालीन: ‘आपल्या बिल्टीनुसार 18 जून रोजी बुक केलेला माल वाहतुकीत खराब झाला असून त्यापोटी 7,50,000 रुपयांची मागणी आम्ही याद्वारे करीत आहोत. या मागणीसंबंधी आमच्या विमा कंपनीचेही हक्क आहेत. तिच्या लेखी संमतीशिवाय आम्ही कोणतीही तडजोड करू शकत नाही, आणि आमच्या कोणत्याही कर्मचाऱ्याने दिलेली पावती किंवा हिशोबाचा उतारा ही मागणी सोडल्याचा पुरावा मानू नये.’ खाली सही तुमची स्वतःची हवी, हिशोबनीसाची नको, आणि एक प्रत त्याच दिवशी विमा कंपनीच्या शाखेत आवक क्रमांक घेऊन द्या.